ग्लासातलं पाणी आणि सुपातलं पाणी

प्रश्न : वजन कमी करायचं म्हणून मी जेवणाआधी दोन ग्लास पाणी पिते, पण भूक तेवढीच लागते. सगळे सांगतात सूप घे, फळं खा, काकडी-टोमॅटो खा. त्यातही शेवटी पाणीच असतं ना? मग ग्लासातलं पाणी का चालत नाही? शिवाय सूप घेतलं की मला तासाभरात परत भूक लागते, ते का?

उत्तर :

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच प्रश्नावर एक प्रयोग केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. सडपातळ अंगाच्या २४ तरुणींना वेगवेगळ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी तीन प्रकारांनी खायला दिलं. एके दिवशी चिकन, भात आणि भाज्यांचा घट्ट पदार्थ. एके दिवशी तोच पदार्थ आणि सोबत ३५६ ग्रॅम पाण्याचा ग्लास. आणि एके दिवशी तेच जिन्नस, तेवढंच पाणी, पण पाणी पातेल्यात घालून केलेलं सूप. तिन्ही दिवशी कॅलरी सारख्याच, सुमारे २७०. त्यानंतर जेवण समोर ठेवलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं.

घट्ट पदार्थ खाल्ला त्या दिवशी बायका जेवणात सुमारे ३९५ कॅलरी जेवल्या. सोबत पाणी प्यायल्या त्या दिवशी सुमारे ३९०, म्हणजे जवळपास तेवढ्याच. सूप प्यायल्या त्या दिवशी मात्र सुमारे २९०. शंभरेक कॅलरी आपसूक कमी झाल्या, आणि रात्रीच्या जेवणात त्यांनी ती तूट भरूनही काढली नाही. जिन्नस तेच, पाणी तेवढंच, फक्त ते कुठे घातलं एवढाच फरक. तुमचा अनुभव या मधल्या दिवसासारखा आहे.

असं का होतं, ते जठरात काय घडतं ते पाहिलं की कळतं. जठराच्या भिंती ताणल्या गेल्या की तिथल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूला खबर जाते, आणि पोट भरल्याची जाणीव बऱ्याच अंशी त्या ताणातून येते. हा ताण अन्नाच्या आकारमानावर अवलंबून असतो. त्यात कॅलरी किती आहेत हे त्या भिंतींना कळत नाही. कॅलरींची दखल पुढे लहान आतड्यात घेतली जाते आणि ते जठराचा वेग कमी करतं. नुसत्या पाण्यात कॅलरी नाहीत, चावायचं काही नाही, त्यामुळे त्याला थांबवणारं कुणी नसतं. अर्धंअधिक पाणी दहा-वीस मिनिटांत पुढे निघून जातं. घट्ट पदार्थाबरोबर पाणी प्यायलात तरी जठर चाळणीसारखं वागतं : पाणी आधी सोडून देतं आणि घन भाग दळून बारीक होईपर्यंत मागे धरून ठेवतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात एमआरआय लावून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. चिकन, भाज्या आणि सोबत ग्लासभर पाणी असं जेवण दिलं तेव्हा पोट लवकर लहान झालं. तेच सगळं एकत्र वाटून सूप करून दिलं तेव्हा ते जास्त वेळ भरलेलं राहिलं आणि भूकही उशिरा लागली. शिजताना पाणी डाळीच्या, भाताच्या पिठूळ कणांत शिरतं, भाजीच्या पेशींत तर ते आधीपासूनच असतं. ते अन्नापासून सुटं नसल्यामुळे अन्नाच्याच वेगाने पुढे सरकतं.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर कुणी म्हणेल की आमच्या आईला पाण्याचा उपयोग झाला. होतो. पन्नाशी-साठीच्या पुढच्या लोकांत जेवणाच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर जेवण थोडं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. वयाबरोबर जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो, हे त्याचं एक कारण मानतात. तरुणांत तो परिणाम फारसा दिसत नाही. तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण दोन ग्लास पिऊनही भूक तेवढीच राहते म्हणजे त्यावर विसंबून उपयोग नाही. पाणी प्या, तहान भागवायला प्या.

आता आकड्यांकडे वळते, पण थोडक्यातच. एका ग्रॅम अन्नात किती कॅलरी आहेत त्याला ऊर्जाघनता म्हणतात. एक ग्रॅम तेल-तुपातून ९ कॅलरी मिळतात, पिष्टातून आणि प्रथिनांतून ४, चोथ्यातून साधारण २, आणि पाण्यातून शून्य. म्हणून पदार्थात पाणी किती आणि तेल-तूप किती, या दोनच गोष्टींनी ऊर्जाघनता जवळजवळ ठरते. काकडीत ९५ टक्के पाणी, तिच्या एका ग्रॅममध्ये ०.१५ कॅलरी. कलिंगड ०.३, सफरचंद ०.५, केळं ०.९, शिजलेला भात १.३, चपाती ३ च्या आसपास, शेंगदाणे साडेपाचच्या पुढे, फरसाणही साधारण तिथेच. पाकिटावर दर शंभर ग्रॅमला किती कॅलरी ते छापलेलं असतं, त्याला शंभराने भागलं की झालं.

पाणी काढून घेतलं की काय होतं याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण तासगावचे बेदाणे. द्राक्षात ८० टक्के पाणी असतं आणि शंभर ग्रॅम द्राक्षांत ७० कॅलरी असतात. साधारण चार किलो द्राक्षं सुकवली की किलोभर बेदाणे होतात, आणि शंभर ग्रॅम बेदाण्यांत तीनशे कॅलरी भरतात. साखर तीच, चोथा तोच, फक्त पाणी उडालेलं. वाटीभर द्राक्षं खाऊन माणूस थांबतो. वाटीभर बेदाणे खाऊनही हात डब्याकडे जातो, कारण पोटात जागा व्यापणारी वस्तूच गेलेली असते.

हे इतकं उपयोगी पडण्याचं कारण असं की आपण दिवसाकाठी साधारण तेवढ्याच वजनाचं अन्न खातो. चव सारखीच ठेवून पदार्थ पातळ-हलके केले, तरी माणसं वजनाने पूर्वीइतकंच खातात आणि कॅलरी मात्र कमी घेतात, हे रोल्स यांच्याच गटाने दाखवलं. ताट पूर्वीइतकंच भरलेलं दिसतं म्हणून मनालाही काही काढून घेतल्यासारखं वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जे 'अर्धी चपाती, अर्धी वाटी' असं करतात ते महिन्याभरात कंटाळतात. जे ताटातली वाटणी बदलतात ते टिकतात.

एक गोष्ट मात्र इथे घोटाळा करते : हवा. कुरमुरे हलके असतात म्हणून त्यांत कॅलरी कमी असं वाटतं. ग्रॅमच्या हिशेबाने त्यांत पाणी जवळजवळ नाहीच, ऊर्जाघनता पावणेचारच्या पुढे. पण वाटीत ते बसतात जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम, म्हणून वाटीच्या हिशेबाने परवडतात. तेलात परतून चिवडा केलात की हा फायदा संपला.

आता तुमच्या स्वयंपाकघरात येऊ. भाजी खा म्हटलं की बायका सांगतात, 'आम्ही रोज भाजीच तर खातो.' खरं आहे, पण ती भाजी कशी केली आहे ते बघा. चौघांसाठी एक किलो दुधी घेतला. त्यात सगळ्या मिळून दीडशे कॅलरी. चार छोटे चमचे तेलाची फोडणी दिली तर आणखी १६०, एकूण ३१०. शिजून भाजी आठशे ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे ग्रॅमला ०.४ कॅलरी आणि माणशी ८० कॅलरीही नाहीत. आता तोच दुधी दोन पळ्या तेलात टाकला आणि वर अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट घातलं. पळीत तीस मिली तेल मावतं असं धरा. साठ मिली तेलाच्या ४९०, पन्नास ग्रॅम कुटाच्या २८५, दुधीच्या १५०. झाल्या ९२५, माणशी २३०. ऊर्जाघनता १.१, जवळजवळ भाताइतकी. भाजी अजूनही दुधीचीच म्हणवते. कूट वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यात प्रथिनं आहेत. पण वजन उतरवायचं असेल तर ते चमच्याने घालायचं, मुठीने नाही.

सॅलडचंही तसंच. रोल्स यांच्याच गटाच्या २००४ सालच्या प्रयोगात जेवणाआधी तीनशे ग्रॅम साधं सॅलड संपवायला दिलं, तेव्हा सॅलड धरून एकूण जेवणाच्या कॅलरी १२ टक्क्यांनी कमी झाल्या. तेवढंच मोठं सॅलड चीज आणि तेलकट ड्रेसिंग घालून दिलं, तेव्हा त्या १७ टक्क्यांनी वाढल्या. कोशिंबिरीला घट्ट सायीचं दही आणि वरून तुपाची फोडणी द्यायची सवय असेल तर तिथेही हाच फरक पडतो. ताकासारख्या सैलसर दह्यात, थोडी मिरची-जिरं परतून केलेली काकडीची कोशिंबीर दोन वाट्या खाल्ली तरी हरकत नाही. मीठ आयत्या वेळी घाला. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं, आणि बहुतेक घरांत ते पाणी पिळून टाकतात.

फळ चावून खायचं. २००९ च्या एका प्रयोगात जेवणाआधी सफरचंद, सफरचंदाचा गर आणि सफरचंदाचा रस दिला, सगळ्यांत कॅलरी सारख्या. सफरचंद खाल्ल्यावर, त्याच्या स्वतःच्या कॅलरी धरूनही, एकूण जेवण १५ टक्क्यांनी कमी झालं. गराने त्याहून कमी भूक भागली आणि रसाने सगळ्यात कमी. रसात चोथा परत मिसळून दिला तरी अख्ख्या फळाची बरोबरी झाली नाही. म्हणजे फक्त पाणी नाही, फक्त चोथाही नाही. फळाची घडण शाबूत असणं आणि चावायला लागणारा वेळ, हे दोन्ही त्यात येतं. पेरूला म्हणूनच माझा कौल आहे. स्वस्त, चावायला लागतो, आणि एक खाल्ला की दुसरा सहसा कुणी खात नाही.

इथे एक शंका येईल की रस पातळ म्हणून पोट भरत नाही, मग सूप पातळ असून कसं भरतं? सुपात वाटलेल्या भाज्या, डाळ, पीठ यांनी दाटपणा येतो, ते गरम असतं म्हणून चमच्याने सावकाश जातं, आणि आपण त्याला पेय न समजता जेवण समजतो. या शेवटच्या गोष्टीला मी कमी लेखत नाही. २००७ साली केलेल्या प्रयोगात सूप फोडी ठेवून दिलं, अर्धवट वाटून दिलं आणि पूर्ण गुळगुळीत करून दिलं. तिन्हींचा परिणाम सारखाच आला : सूप धरून जेवणाच्या कॅलरी सुमारे २० टक्क्यांनी कमी. तेव्हा मिक्सरमधून काढू की नको, यावर डोकं शिणवू नका.

आता तासाभरात लागणारी भूक. सुपाचे हे जे आकडे सांगितले त्यात सुपामागोमाग जेवण होतं, आणि १९९९ च्या प्रयोगातलं सूप २७० कॅलरींचं, चिकन-भात घातलेलं होतं. तुम्ही बहुधा टोमॅटो-गाजराचं पातळ सूप संध्याकाळी घेता आणि त्यालाच जेवण समजता, किंवा सहाला सूप आणि नऊला जेवण असं करता. पहिल्या प्रकारात पोटात ताण येतो, पण पुढे आतड्याने जठराचा वेग कमी करावा अशी प्रथिनं नाहीत, स्निग्ध नाही. सत्तर-ऐंशी कॅलरी किती वेळ पुरणार? दुसऱ्या प्रकारात नऊ वाजेपर्यंत सूप कधीच पुढे गेलेलं असतं. सूप जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घ्यायचं, नाहीतर ते जेवणासारखं भक्कम करायचं.

एका माणसासाठी मी असं सांगते. दीडशे ग्रॅम टोमॅटो, शंभर ग्रॅम दुधी, अर्धं गाजर, छोटा कांदा आणि दोन मोठे चमचे मुगाची डाळ, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम, कुकरला लावा. शिजल्यावर घोटा, पाणी घालून मोठा वाडगाभर, सुमारे चारशे ग्रॅम करा. वर अर्धा चमचा तुपात जिरं-लसूण. डाळीच्या ८७, भाज्यांच्या ७५-८०, तुपाच्या २० मिळून १८५ कॅलरींच्या आसपास जातात. ऊर्जाघनता ०.५ सुद्धा नाही. डाळ घातली नाही तर शंभर कॅलरीही होत नाहीत, आणि मग तुमची ती तासाभराची भूक येते. या सुपानंतर एक चपाती आणि भाजी कोशिंबीर असं जेवण साधारण पुरतं. हॉटेलातलं क्रीम ऑफ टोमॅटो याच्याशी जोडू नका. मोठा चमचाभर लोण्यातच शंभर कॅलरी असतात, त्यात साय, कॉर्नफ्लोअर, साखर आणि तळलेले ब्रेडचे तुकडे. वाडगा लहान आणि हिशेब मोठा.

पाकिटातल्या सुपाची अडचण कॅलरींची नसून मिठाची आहे. रक्तदाब असेल तर ते रोजचं करू नका.

मुगाच्या खिचडीलाही हेच लागू आहे. चाळीस ग्रॅम तांदूळ, तीस ग्रॅम डाळ, शंभर ग्रॅम भाज्या आणि छोटा चमचा तेल, सगळ्या मिळून ३२० कॅलरी. मोकळी केली तर ताटात साडेतीनशे ग्रॅम उतरते, दोन वाट्या गरम पाणी जास्त घालून शिजवली तर सहाशे. तीच खिचडी, पण ऊर्जाघनता ०.९ वरून ०.५ वर. पाणी शिजतानाच घाला. वाढून झाल्यावर वरून ओतलेलं पाणी वेगळंच राहतं.

उपयोग होतोय की नाही हे तपासण्याची खूण वजनकाट्याच्या आधी ताटातच दिसते. सूप किंवा फळ सुरू केल्यावर चपात्या आपणहून एकाने कमी झाल्या का? पूर्वी तीन खात होतात आणि आताही तीनच खात असाल, तर सुपाच्या कॅलरी नुसत्या वर भरल्या गेल्या. असं बहुतेक वेळा तेव्हा होतं जेव्हा चपात्या आधीच मोजून ताटात वाढलेल्या असतात, आणि वाढलेलं टाकायचं नाही ही आपली शिकवण. सूप झाल्यावर एकच चपाती वाढून घ्या आणि लागली तर दुसरी मागा.

काही जणांनी मात्र हे करू नये, किंवा डॉक्टरांना विचारून करावं. मूत्रपिंडाच्या आजारात फळं-भाज्यांमधलं पोटॅशियम आणि सुपातलं पाणी, दोन्ही मोजून घ्यावं लागतं. हृदय कमजोर असून पाण्यावर मर्यादा असेल तर सुपाचा वाडगाही त्या मर्यादेत धरायचा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर जोराने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, आणि चपाती-भात एकदम कमी झाला, तर साखर फार खाली जाऊ शकते. त्यामुळे जेवणाआधी डोस बदलायचा का ते विचारा. भूक मंदावलेल्या, वजन उतरत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांना सूप देऊन त्यांचं पोट भरू नका. त्यांना उलट हवं : त्याच वाटीत तूप, दाण्याचं कूट, दूध, अंडं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात सात-आठ महिन्यांचं बाळ असेल तर. त्याला वरणावरचं पाणी पाजण्याची पद्धत अजून खूप घरांत आहे. बाळाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे तीसेक ग्रॅम अन्न मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात दोनशे ग्रॅम. वरच्या पाण्याने ते गच्च भरतं, बाळ तोंड फिरवतं, आणि आईला वाटतं जेवलं. कॅलरी मात्र नाममात्र गेलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात अंगावर पिणाऱ्या बाळाच्या वरच्या आहारात ग्रॅमला किमान ०.८ कॅलरी असाव्यात असं सांगितलं जातं. म्हणून त्याला पाणी नको, खालची डाळ घोटून, भात कालवून, चमचाभर तूप घालून द्या. घास चमच्यावरून घळघळ ओघळला तर तो बाळासाठी पातळ आहे.